लानला नीट सांगितलं होतं

माझं इंग्रजी फार वेगवान आहे. हे आज मी खाली मान घालून सांगतोय, पण मागच्या दिवाळीपर्यंत छाती फुगवून सांगायचो.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारच्या शाळेत दहावीपर्यंत माझ्या तोंडून ‘मे आय कम इन सर’ याच्या पलीकडे इंग्रजी वाक्य निघालं नव्हतं. तोच मी, सुग्रीव, आज पाटोद्यात बसून हॉलंड, व्हिएतनाम, केनिया आणि ब्राझीलच्या माणसांबरोबर काम करतो. आमची कंपनी डच आहे. गावोगावी सौरऊर्जेवर चालणाऱ्या छोट्या शीतखोल्या बसवते. पाटोदा तालुक्यातली अशी एक खोली बबिताताईंचा महिला गट चालवतो. डोंगरातली सीताफळं तोडायची, निवडायची, क्रेटमध्ये भरून खोलीत ठेवायची आणि ट्रक आला की पाठवायची. फळांकडे बबिताताई बघतात, खोलीकडे मी.

माझं ऑफिस म्हणजे हबीबभाईंच्या गॅरेजवरची खोली. इंटरनेटची वायर तिथपर्यंत आली होती आणि हबीबभाईंनी भाडं वाढवायचं कधी मनावर घेतलं नाही, एवढ्या दोन गोष्टींवर ते ऑफिस चालतं. खाली कुणी गाडीला रेस दिली की मला माइक बंद करावा लागतो. तेवढा एकच वेळ मी मीटिंगमध्ये गप्प असतो, असं आमचा ब्राझीलचा थियागो एकदा म्हणाला होता. मला ते कौतुक वाटलं होतं.

आमच्यात लान नावाची मुलगी होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, व्हिएतनाममधल्या दा नांगची. सगळ्या खोल्यांचं तापमान ती तिकडून बसवायची. खोलीतल्या यंत्रात सिमकार्ड असतं. लानने तिच्या संगणकावर आकडा बदलला की पाटोद्यातली खोली गार नाहीतर गरम व्हायची. कामात एकदम काटेकोर. लिहून पाठवलं की त्यावर तीन नेमके प्रश्न विचारायची. मीटिंगमध्ये मात्र बोलायची नाही. बोललीच तर ‘येस’ आणि ‘थँक्यू’. मी सत्यशीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणायचो की पोरगी हुशार आहे पण बुजरी आहे, धीटपणा पाहिजे. स्वतःला मी धीट समजायचो.

लान सहा महिन्यांच्या बोलीवर आली होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी ते सहा महिने संपणार होते. त्यानंतर तिला कायम करायचं की नाही हे हेन्रिक ठरवणार होता. हेन्रिक आमचा वरिष्ठ, हॉलंडमध्ये बसतो. लानचे वडील आजारी असतात आणि घर तिच्यावर चालतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तर झालं असं. त्या ऑक्टोबरात खोलीत दोनशे चाळीस क्रेट सीताफळ होतं. सीताफळाला पंधरा अंश लागतात. बाराच्या खाली गेलं की सालीवर काळे डाग पडतात आणि नंतर फळ पिकतच नाही, दगडासारखं राहतं. ट्रक बुधवारी पहाटे येणार, खोली रिकामी होणार आणि गुरुवारी तिथे डाळिंबं येणार, असं ठरलं होतं. डाळिंबाला सहा अंश चालतात. म्हणून लानने आधीच लिहून ठेवलं होतं की बुधवारी सकाळी सहा वाजता तापमान पंधरावरून सहावर आणायचं. हे सगळं लेखी होतं, नीट होतं.

सोमवारी ट्रकवाल्याचा फोन आला, बुधवारी जमत नाही, शुक्रवारी येतो. डाळिंबवाल्यालाही मी दोन दिवस थांबवलं. आता उरलं एकच काम, लानला सांगायचं. संध्याकाळी पाच वाजता आमची रोजची मीटिंग होती. मी म्हटलं, तिथेच सांगू. आणि तिथे सांगितलंही.

बुधवारी सकाळी सहा वाजता खोली सहा अंशांवर गेली.

यंत्राने ओरडून सांगायला हवं होतं, पण ते नेमून दिलेल्या आकड्यापासून तापमान ढळलं तरच ओरडतं. नेमलेलाच आकडा सहा, त्यामुळे ते खुशीत होतं. मी त्या दोन दिवसांत नेकनूरच्या बाजूला नव्या खोलीसाठी जागा बघत फिरत होतो. शुक्रवारी ट्रक आला, दार उघडलं आणि बबिताताईंचा फोन आला. जाऊन बघतो तर वरच्या क्रेटपासून खालच्या क्रेटपर्यंत फळ काळवंडलेलं. बबिताताई एक फळ हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघत होत्या. ते दबत नव्हतं.

“खोलीवर सहा दिसत होतं का?” मी विचारलं.

“बुधवारपासून सहाच व्हतं की.”

“मग मला फोन का नाही केला?”

“मला वाटलं तुमीच केलं आसंल,” त्या म्हणाल्या. “तुमी मागं सांगितलं व्हतं मशीनचं काहीतरी. समदं झटझट सांगून गेलात. म्हटलं त्यातलंच आसंल हे.”

“समजलं नव्हतं तर विचारायचं ना.”

“इचारलं आसतं. पण तुमी लई घाईत आसताव, भाऊ.”

तेव्हा मला राग आला. आता त्या वाक्याची आठवण आली की कुठे तोंड लपवावं कळत नाही. पण तेव्हा राग आला आणि गाडीवर पाटोद्याला येईपर्यंत तो सगळा राग मी लानवर नेऊन ठेवला होता.

फळांचं नुकसान कंपनीने सोसलं, तो प्रश्न दोन दिवसांत मिटला. पण चूक कुणाची हे ठरायचं होतं. सोमवारी हेन्रिकने सगळ्यांना मीटिंगमध्ये बसवलं. मी न अडखळता सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणालो, “बदल मी लानला मागच्या सोमवारी नीट सांगितला होता. ती येस म्हणाली होती. रेकॉर्डिंग आहे.”

हेन्रिकने लानला विचारलं, “असं झालं का?”

ती पडद्यावर एका चौकोनात होती. मागे निळी भिंत. ती म्हणाली, “हो. सुग्रीव म्हणाले होते. माझी चूक. मला माफ करा.”

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण लान मला जे म्हणायची ते ‘तुम्ही’च होतं, एवढं मला कळायचं.

हेन्रिक म्हणाला, ठीक आहे, या शुक्रवारी लानच्या नोकरीचा निर्णय आहे, त्याआधी मला या प्रकाराची पूर्ण नोंद हवी. सुग्रीव, त्या रेकॉर्डिंगमधला तुझा भाग काढून मला पाठव. मी म्हणालो, पाठवतो. मीटिंग संपल्यावर खाली जाऊन मजेत चहा प्यालो, हेही सांगून टाकतो.

मंगळवार, बुधवार कामात गेले. गुरुवारी दुपारी मी ते रेकॉर्डिंग उघडलं. माझा भाग दोन मिनिटांचा होता.

स्वतःचा आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही. पण हे तसलं काही नव्हतं. मला आधी वाटलं की रेकॉर्डिंग दीडपट वेगाने चाललंय, म्हणून मी ते बघितलं. ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. मी इंग्रजीत जे बोललो ते मराठीत असं काहीसं होतं: “हां, तर लान, ते खोलीचं, ते आपलं ढकल पुढे, ट्रकवाला लपंडाव खेळतोय, बहुतेक शुक्रवार, पण त्याच्या शब्दाला काय अर्थ आहे, तेव्हा रिकामी झाली की कर, नाहीतर आपली दांडी गुल, डाळिंबाचं मी बघतो, बाकी चेंडू तुझ्याकडे.” एका दमात. यातली अर्धी भाषा क्रिकेटच्या समालोचनातून उचललेली आणि उरलेली पुण्यातल्या ऑफिसातली. नवा दिवस कोणता, हा एकच शब्द महत्त्वाचा होता. तो मी ‘बहुतेक’ लावून पुटपुटलो होतो आणि लगेच विनोद केला होता. विनोदाला थियागो हसला. लान हसली नव्हती.

त्यानंतर लानचा आवाज आला. हे मला अजिबात आठवत नव्हतं. ती म्हणाली, “सॉरी, तर बुधवारी...”

ती विचारत होती. दिवस कोणता, हे खात्री करून घेत होती. आणि मी तिचं वाक्य पुरं होऊ न देता म्हणालो, “हो हो, बुधवारचंच म्हणतोय मी, बरोबर.” लगेच पुढे, “ऑल क्लिअर?” एक सेकंद शांतता. मग लान, “येस. थँक्यू.” आणि मी, “ग्रेट. थियागो, तुझ्या रिपोर्टचं काय झालं?”

मी ते परत लावलं. मग परत. लानने चूक केली नव्हती. तिने विचारलं होतं आणि मीच तिला बुधवार म्हणून सांगितलं होतं.

खाली कुणीतरी गाडीला रेस देत होतं. या खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही हे माहीत असून मी आवाज कमी केला.

आणि खरी लाज तर पुढेच आहे. लानचं ते ‘येस’ मला अनोळखी नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी पुण्याच्या पहिल्या नोकरीत मी तेच म्हणायचो. आमचा साहेब बेंगळुरूचा होता, भरभर इंग्रजी बोलायचा आणि शेवटी विचारायचा, “गॉट इट?” बाकीचे माना डोलवायचे. मीही डोलवायचो. मला निम्मं कळलेलं नसायचं. विचारलं तर सगळे म्हणतील बीडचा आहे, म्हणून मी ‘येस सर’ म्हणायचो आणि नंतर टेबलाशी बसून तो काय म्हणाला असेल याचा अंदाज लावायचो. एकदा अंदाज चुकला आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. तेव्हा मी ठरवलं की इतकं फाडफाड इंग्रजी शिकायचं की कुणाची विचारायची टाप होणार नाही. शिकलो. आणि खरंच कुणाची टाप झाली नाही.

कंपनीने आम्हाला या विषयावर एक पूर्ण तासाचा पाठ दिला होता. सावकाश बोला. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. विनोद आणि म्हणी टाळा. आकडा, दिवस, वेळ तोंडी सांगितली की लगेच लिहूनही टाका. आणि ‘समजलं का’ असं कधीच विचारू नका, समोरच्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा. मी तो पाठ भजी खात खात उरकला होता. शेवटच्या परीक्षेत दहापैकी दहा मिळाले होते. मला वाटलं, ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांच्यासाठी आहे हे.

मी खाली उतरलो. हबीबभाई एका गिऱ्हाइकाला मोटारसायकल देत होते. इंजिनचं काम नवं केलेलं होतं. गिऱ्हाईक गाडीवर बसून निघायच्या घाईत, आणि हबीबभाई हँडल धरून उभे.

“आता तू सांग मला. पयले पाचशे किलोमीटर काय करायचं?”

“भाई, समजलं म्हनलं ना.”

“समजलं तर सांग की.”

गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, “चाळीसच्या वर पळवायची न्हाई. पाचशे झाल्यावर ऑईल बदलायचं.”

“अन् डबल सीट?”

त्याला ते सांगता आलं नाही. हबीबभाईंनी परत सांगितलं, परत वदवून घेतलं, तेव्हा कुठे हँडल सोडलं. तो गेल्यावर मी म्हणालो, “भाई, माणसाला शाळेतल्या पोरासारखं काय विचारता? राग येतो लोकांना.”

“येऊ दे. समजलं का म्हनून इचारलं तर कोन न्हाई म्हनतंय? न्हाई म्हनलं तर तोच येडा ठरतोय.” त्यांनी हात पुसत माझ्याकडे बघितलं. “आन् मी काय त्याची परीक्षा घेत न्हाई. मी सांगितलेलं त्याच्यापोतर गेलं का न्हाई, ते बघतो. न्हाई गेलं तर माझं सांगनं चुकलं. तुमचं तोंड कावून इतकं उतरलंय?”

“काही नाही,” मी म्हणालो आणि वर आलो.

वर येऊन मी काय केलं असेल? कुणीही म्हणेल, लगेच हेन्रिकला लिहिलं असेल. लिहायलाच बसलो होतो. लानचा निर्णय उद्यावर होता, माझ्या हातात पूर्ण वीस तास होते. दोन ओळींचं काम होतं: रेकॉर्डिंग ऐकलं, चूक माझी आहे. पण ते पाठवायचं म्हणजे ती दोन मिनिटं हेन्रिकला ऐकवायची. त्याने ऐकलं असतं की ज्याला आपण टीममधला सगळ्यात चांगला बोलणारा समजतो, तो असा बोलतो. मला नोकरीची भीती नव्हती, मला कुणी काढलं नसतं. माझं इंग्रजी उघडं पडायची मला भीती होती. एवढंच कारण होतं. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

मी हेन्रिकला लिहिलं, “रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची थोडी अडचण आहे. सोमवारी पाठवतो.”

मला वाटत होतं की हेन्रिक नोंद आल्याशिवाय निर्णय घेणार नाही, थांबेल. असं मी स्वतःला सांगितलं. सत्यशीलाने जेवताना विचारलं, तुमचं काय बिनसलंय. मी म्हणालो, नेट नीट चालत नाही.

हेन्रिक थांबला नाही. त्याच्याकडे माझं सोमवारचं बोलणं होतं आणि लानची कबुली होती. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना पत्र आलं की लान आता आपल्याबरोबर नसेल, तिच्या कामाबद्दल आभार. त्या पत्राखाली थियागोने रडक्या चेहऱ्याचं चित्र टाकलं. नैरोबीच्या मुलीने शुभेच्छा लिहिल्या. मीही लिहिल्या. काय लिहिलं ते इथे परत लिहायची माझी हिंमत नाही.

शनिवार, रविवार मी घरात कुणाशी धड बोललो नाही. सोमवारी सकाळी रेकॉर्डिंग पाठवलं, पूर्ण दोन मिनिटं, काही न कापता. खाली लिहिलं की मी लानला चुकीचा दिवस सांगितला, तिने खात्री करायचा प्रयत्न केला आणि मी तिला बोलू दिलं नाही, सीताफळाचं नुकसान माझ्यामुळे झालं. तिला परत घ्यावं, असंही लिहिलं.

हेन्रिकचा फोन आला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो थकल्यासारखा म्हणाला, “सुग्रीव, हे मला शुक्रवारी सकाळी मिळालं असतं तर मी तिला ठेवलं असतं. आता तिची जागा बंद करून टाकली आहे. पुढच्या वर्षी कुठे जागा झाली तर बघतो.” मग म्हणाला, “तू तिच्याशी बोललास का?”

“नाही.”

“बोल,” तो म्हणाला.

मंगळवारी मी लानला लिहिलं की मला तुझ्याशी दहा मिनिटं बोलायचं आहे, तुला हवं असेल तरच. तिने त्याच दिवशीची वेळ कळवली. मी वहीत सगळं आधी लिहून काढलं. छोटी वाक्यं. प्रत्येक वाक्यात एक गोष्ट. एकही विनोद नाही, क्रिकेट नाही. मोठ्याने वाचून बघितलं, घड्याळ लावून. नेहमीच्या वेगाने पाऊण मिनिटात संपत होतं. मी ते तीन मिनिटांपर्यंत आणलं. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी बोलताना मी वाक्यावाक्याला श्वास घेत होतो.

खाली जाऊन हबीबभाईंना म्हणालो, दहा मिनिटं गाडीला रेस देऊ नका. ते म्हणाले, बरं.

लान पडद्यावर आली. तीच निळी भिंत. केस मोकळे होते, एरवी बांधलेले असायचे. मी म्हणालो, “लान, मी सावकाश बोलणार आहे. मध्ये थांबेन. तुला कुठेही थांबवावंसं वाटलं तर थांबव.”

तिने मान हलवली.

“त्या सोमवारी मी तुला चुकीचं सांगितलं,” मी म्हणालो आणि थांबलो. “मी फार वेगाने बोललो. तू बुधवारबद्दल विचारलंस. मी तुला बोलू दिलं नाही. मी म्हणालो, बुधवार बरोबर आहे. ते चूक होतं.” परत थांबलो. “फळं तुझ्यामुळे खराब झाली नाहीत. माझ्यामुळे झाली. मी ते रेकॉर्डिंग ऐकलं आहे. मी हेन्रिकला सगळं पाठवलं आहे. मी सोमवारी त्याला लिहिलं की चूक माझी होती. मला फार लाज वाटते. मी तुझी माफी मागतो.”

बोलता बोलता जे महत्त्वाचं ते मी चॅटमध्ये लिहूनही टाकत होतो, पाठात सांगितलं होतं तसं. सगळं बोलून झालं आणि सवयीने तोंडात आलंच होतं, ऑल क्लिअर? ते मी गिळलं. म्हणालो, “मला नीट सांगता आलं की नाही, मला माहीत नाही. मी काय म्हणालो ते तू तुझ्या शब्दांत सांगशील का? म्हणजे माझं काही राहिलं असेल तर कळेल.”

ती बराच वेळ चॅटमध्ये लिहिलेलं वाचत होती. मी तिला घाई केली नाही. नंतर तिने बाजूचं कॅलेंडर ओढून पुढे घेतलं, तेही मला दिसलं.

“सांगते,” ती म्हणाली. तीही सावकाश बोलत होती, शब्द जुळवत. “तुम्ही म्हणालात, चूक माझी नाही. तुम्ही वेगाने बोललात. मी विचारलं तेव्हा तुम्ही बुधवार म्हणालात.”

“हो.”

“तुम्ही हेन्रिकला सोमवारी लिहिलं. काल.”

“हो.”

“एक गोष्ट तुम्ही सांगितली नाही,” लान म्हणाली. “रेकॉर्डिंग कधी ऐकलं?”

वहीत हे नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. प्रत्येक वाक्यात एक गोष्ट असं करत करत मी नेमकी ही एक गोष्ट गाळली होती, आणि वही लिहिताना मला ते माहीतही होतं.

“गुरुवारी,” मी म्हणालो.

“कोणत्या गुरुवारी?”

“या गेल्या गुरुवारी. दुपारी.”

तिने कॅलेंडरवर बोट ठेवलं. ते बोट एका घरावरून पुढच्या घरावर सरकवत ती म्हणाली, “तर मी नीट सांगून बघते. गुरुवारी तुम्ही ऐकलं. तेव्हा तुम्हाला कळलं की माझी चूक नाही. शुक्रवारी माझी नोकरी गेली. शुक्रवारी तुम्ही मला शुभेच्छा लिहिल्या. सोमवारी तुम्ही हेन्रिकला सांगितलं.” तिने मान वर केली. आवाजात राग नव्हता. ती खरोखरच खात्री करून घेत होती, त्या सोमवारी जशी घेत होती तशीच. “मला बरोबर समजलं का?”

खाली गॅरेजमध्ये कसलाच आवाज नव्हता.

“बरोबर समजलं,” मी म्हणालो.